गोवरचा आर-नॉट आणि समूह-प्रतिकाराचा उंबरठा

‘गोवरचा आर-नॉट १२ ते १८ आहे, म्हणून समूह-प्रतिकाराचा उंबरठा ९२ ते ९४ टक्के येतो आणि म्हणून ९५ टक्के लसीकरण हवं.’ साथरोगशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये हे वाक्य हमखास असतं. त्यात चुकीचं काही नाही, पण त्यातल्या दोन्ही ‘म्हणून’मागे बरीच गृहीतकं दडलेली आहेत. १२ ते १८ हा आकडा कसा काढतात, त्यातून ९२ ते ९४ टक्के कसे येतात, आणि लोक ९२ टक्के सुरक्षित असणं व मुलं ९२ टक्के लसवंत असणं यांत फरक काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गोवर हा एकच आजार घेऊन ते ओळीने सोडवले, तर शहराच्या एका भागात गोवर भडकतो आणि शेजारच्या भागात त्याची चाहूलही लागत नाही, असं का होतं ते उलगडतं.

आर-नॉट म्हणजे मूलभूत प्रजनन संख्या. ज्या लोकसंख्येत कुणालाही त्या आजाराची प्रतिकारशक्ती नाही तिथे एक रुग्ण आला, तर तो बरा होईपर्यंत सरासरी किती जणांना थेट लागण देईल, तो हा आकडा. तो तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: रुग्ण रोज किती जणांच्या संपर्कात येतो, एका संपर्कात लागण होण्याची शक्यता किती, आणि तो किती दिवस संसर्गजन्य राहतो. गोवरमध्ये तिन्ही बाबी प्रतिकूल आहेत. विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकू शकतो. पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल संसर्गजन्य असतं. म्हणजे ‘गोवर आहे’ असं आई ओळखते तोवर त्याने बालवाडीत, दवाखान्याच्या रांगेत, शेजारच्या घरात विषाणू पोहोचवलेला असतो. पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळं ठेवायलाच हवं, पण साथ रोखायला तेवढं पुरत नाही.

संपर्काची संख्या या गुणाकारात आहे म्हटल्यावर आर-नॉट हा निव्वळ विषाणूचा गुण उरत नाही. तो विषाणूचा आणि माणसांच्या राहणीचा मिळून आकडा असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात त्या गल्लीतला गोवर आणि विखुरलेल्या पाड्यांवरचा गोवर यांचा विषाणू एकच, पण आर-नॉट वेगळा. ‘१२ ते १८’ हा पट्टा पाठ्यपुस्तकांतून इतका फिरला आहे की तो निसर्गाचा स्थिरांक वाटतो. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आलेल्या आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांतले गोवरचे आर-नॉट तपासले, तेव्हा ते सुमारे ४ पासून २०० च्या वरपर्यंत पसरलेले दिसले. टोकाचे आकडे पद्धतीमुळेही येतात, तरी असाइनमेंटमध्ये आर-नॉट लिहिताना तो कुठल्या ठिकाणचा, कोणत्या काळातला आणि कोणत्या पद्धतीने काढलेला, हे न लिहिणं म्हणजे एकक न लिहिता माप देणं.

हा आकडा काढायचा कसा? सर्वांना संसर्ग होऊ शकेल अशी लोकसंख्या प्रत्यक्षात सापडत नाही. लस येण्यापूर्वीच्या काळासाठी एक आडमार्ग वापरतात. तेव्हा गोवर प्रत्येक मुलाला कधी ना कधी व्हायचाच. रोग जितका वेगाने फिरणारा, तितक्या लहान वयात तो मुलाला गाठणार. म्हणून सरासरी आयुर्मानाला लागणीच्या सरासरी वयाने भागलं की आर-नॉटचा अंदाज मिळतो. समजा आयुर्मान ७० वर्षं आहे आणि सरासरी पाचव्या वर्षी गोवर होतो. ७० भागिले ५ म्हणजे १४. आता यात एक बारकावा आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाला पहिले काही महिने वाचवतात. ते सहा महिने वयातून वजा केले तर ७० भागिले ४.५, म्हणजे साडेपंधराच्या वर. एवढ्याशा दुरुस्तीने आकडा दीडने हलतो. जन्मदर जास्त असलेल्या, वाढत्या लोकसंख्येला हे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे आयुर्मानाच्या जागी जन्मदराचा व्यस्तांक घ्यावा लागतो.

आता उंबरठा. आर-नॉट १५ धरू. एक रुग्ण सर्वसाधारणपणे १५ जणांना लागण देऊ शकतो, पण त्या १५ पैकी १४ जणांना आधीच प्रतिकारशक्ती असेल, तर प्रत्यक्षात एकालाच लागण होईल. साखळी चालू राहील, पण वाढणार नाही. सुरक्षितांचं प्रमाण त्याहून थोडं जरी जास्त असेल, तरी प्रत्येक पिढीत रुग्ण कमी होत जातील आणि साखळी तुटेल. पंधरापैकी चौदा म्हणजे ९३.३ टक्के. सूत्रात मांडायचं तर सुरक्षितांचं प्रमाण p असताना:

```
R = R0 × (1 − p)
R < 1  →  p > 1 − 1/R0
```

यातला R म्हणजे त्या क्षणीची प्रत्यक्षातली प्रजनन संख्या. आर-नॉट कोऱ्या लोकसंख्येचा, R आजच्या लोकसंख्येचा. असाइनमेंटमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे: लसीकरणाने आर-नॉट कमी झाला, असं लिहिलं जातं. लसीने R कमी होतो. आर-नॉट तसाच राहतो, आणि म्हणूनच लसीकरण ढासळलं की रोग पूर्वीच्याच जोराने परततो.

सूत्राकडे उलट्या बाजूने पाहिलं तर ते जास्त बोलकं होतं. असुरक्षितांचं प्रमाण १/R0 च्या खाली ठेवायचं आहे. आर-नॉट १५ असेल तर ६.७ टक्के असुरक्षित चालतील, ३० असेल तर फक्त ३.३ टक्के. उंबरठ्याच्या भाषेत हा बदल ९३.३ वरून ९६.७ एवढाच दिसतो आणि किरकोळ वाटतो. पण लसीकरण करणाऱ्या एएनएम ताईंच्या बाजूने पाहा. वगळलेली चालतील अशी मुलं निम्म्यावर आली. शेवटच्या तीन टक्क्यांत स्थलांतरित, आजारी, नकार देणारी आणि दार बंद असलेली घरं असतात, आणि सगळी मेहनत तिथेच लागते.

या कल्पनेची मुळं भारतात आहेत. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला. मलेरिया संपवायला सगळे डास मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरे, हे त्याने पुढे गणिताने मांडलं. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथीची समीकरणं लिहिली. मॅकेन्ड्रिक यांनी भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलं होतं. साथ थांबते ती सगळे असुरक्षित संपल्यामुळे नव्हे, तर त्यांची घनता एका पातळीखाली गेल्यामुळे, हा त्यांचा मोठा निष्कर्ष. आणि त्यांनी समीकरण ताडून पाहिलं ते मुंबईच्या प्लेगवर: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले आठवड्यागणिक मृत्यू. वक्र आकड्यांवर सुंदर बसतो. पण प्लेग माणसाकडून माणसाकडे जाण्याऐवजी मुख्यतः उंदीर आणि पिसवांमार्फत पसरत होता आणि तो ऋतूप्रमाणे चढत-उतरत होता. उंदरांमधल्या साथीचं प्रतिबिंब माणसांत दिसतं, असं त्या दोघांनी गृहीत धरलं होतं. वक्र जुळला म्हणून त्यामागची यंत्रणा खरी ठरत नाही, हे या विषयाच्या पहिल्याच प्रसिद्ध उदाहरणात दिसतं, आणि प्रत्येक वर्गात ते शिकवलं जावं असं मला वाटतं.

सुरक्षित आणि लसवंत यांतला फरक आता पाहू. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात गोवर-रुबेलाची, म्हणजे एमआर लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. नवव्या महिन्यात दिलेली मात्रा साधारण ८५ टक्के बाळांना सुरक्षित करते, कारण उरलेल्यांत बऱ्याचदा आईची प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूला आधीच निष्प्रभ करतात. वर्षानंतर दिलेली मात्रा ९५ टक्क्यांच्या आसपास काम करते. मग पहिली मात्रा उशिरा का देत नाहीत? कारण आपल्याकडे गोवर बाळांना लवकर गाठतो आणि लहान बाळांत तो जास्त जीवघेणा असतो. बाळाला लवकर संरक्षण देण्यासाठी लसीच्या परिणामातला थोडा तोटा पत्करला आहे.

समजा एका जिल्ह्यात प्रत्येक बाळाला नवव्या महिन्यात एक मात्रा मिळाली, एकही सुटलं नाही. तरीही १५ टक्के असुरक्षित राहतात आणि R येतो १५ × ०.१५, म्हणजे २.२५. शंभर टक्के लसीकरण होऊनही साथ येऊ शकते. नवव्या महिन्यातल्या एका मात्रेने उंबरठा गाठणं अशक्य आहे, हे गणितच सांगतं.

दोन मात्रांचं गणित जरा सावकाश करू. अहवालात लिहिलं आहे: पहिली मात्रा ९० टक्के, दुसरी मात्रा ९० टक्के. वाचणाऱ्याला समाधान वाटतं. १०० बाळं घ्या. ९० जणांना पहिली मात्रा मिळाली, त्यातली ७६.५ सुरक्षित झाली, १३.५ लस घेऊनही असुरक्षित राहिली आणि १० जणांना लसच मिळाली नाही. दुसरी मात्रा नेमकी त्याच ९० जणांना मिळाली, तर १३.५ पैकी ९५ टक्के, म्हणजे १२.८ आणखी सुरक्षित होतात. एकूण ८९.३. R येतो १.६, साथ पेट घेऊ शकते. आता समजा दुसरी मात्रा पहिलीशी संबंध नसलेल्या कुठल्याही ९० जणांना मिळाली. मग २३.५ असुरक्षितांपैकी ९० टक्क्यांपर्यंत ती पोहोचते, त्यातले ९५ टक्के सुरक्षित होतात, एकूण ९६.६. R येतो ०.५. अहवालातले आकडे दोन्ही वेळा ‘९० आणि ९०’. एका ठिकाणी साथ येणार, दुसऱ्या ठिकाणी नाही. प्रत्यक्ष परिस्थिती पहिल्या उदाहरणाच्या जवळ असते, कारण पहिल्या मात्रेला जे घर सुटतं तेच बहुधा दुसरीलाही सुटतं.

त्याच मुलांना दोन्ही मात्रा मिळतात असं धरून ९५ टक्के केलं, तर सुरक्षित ९४.३ टक्के आणि R ०.८६ होतो. दोन्ही मात्रांसाठी ९५ टक्क्यांचं लक्ष्य का ठेवतात ते इथे कळतं. त्यात फार मोकळी जागा ठेवलेली नाही.

आतापर्यंतचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: लोकसंख्येतला प्रत्येक जण इतर प्रत्येकाला सारख्याच शक्यतेने भेटतो. हे गृहीतक कोसळलं की उंबरठ्याचं एकच एक उत्तर उरत नाही. एक लाख लोकवस्तीचा विभाग कल्पनेत घ्या. त्यातले ९०,००० जण ज्या भागात राहतात तिथे ९८ टक्के सुरक्षित आहेत. १०,००० जणांच्या वस्तीत ६० टक्केच सुरक्षित आहेत. विभागाची सरासरी ९४.२ टक्के, उंबरठ्याच्या वर. सरासरीवरून काढलेला R ०.८७. फाइल बंद करायला हरकत नाही असं वाटेल. पण वस्तीतली मुलं मुख्यतः वस्तीतच खेळतात. तिथला R येतो १५ × ०.४, म्हणजे ६. बाहेरच्या भागातला ०.३. विभागाची सरासरी उत्तम असतानाच वस्तीत एका मुलामागे सहा मुलं आजारी पडतील.

नेदरलँड्समध्ये १९९९-२००० मध्ये नेमकं हे घडलं. देशाचं लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास होतं. पण धार्मिक कारणाने लस न घेणारा कट्टर प्रोटेस्टंट समाज ठरावीक गावांत एकवटलेला होता आणि त्याच्या स्वतंत्र शाळा होत्या. गोवरचे सुमारे ३,००० रुग्ण नोंदले गेले, तीन जण दगावले. देशाचा आकडा खरा होता, पण त्या शाळांच्या वर्गाबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

मुंबईत २०२२ च्या ऑक्टोबरपासून गोवर भडकला तो एम-पूर्व विभागात, गोवंडीच्या दाट वस्तीत, आणि तिथून इतर विभागांत व आसपासच्या शहरांत पसरला. मुलं दगावली. इथलं कारण नेदरलँड्ससारखं एका धार्मिक निर्णयाचं नव्हतं. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण जगभर विस्कळीत झालं होतं. त्यात कामासाठी गावाकडे आणि परत फिरणारी कुटुंबं, कुपोषण, लसीनंतर येणाऱ्या तापाची भीती, आणि दिवसभर कामावर असलेली आई. सरासरी काढणाऱ्या अहवालात यातलं काहीच दिसत नाही. ते आशा सेविकेच्या घरभेटीच्या वहीत दिसतं, जिथे एकाच गल्लीतल्या सलग घरांपुढे ‘लस बाकी’ असं लिहिलेलं असतं. माझ्या मते उंबरठ्याचा हिशेब करायचा असेल तर तो त्या गल्लीच्या पातळीवर करावा. शहराच्या पातळीवरचा आकडा कागदावर बरोबर असला तरी निर्णयाला निरुपयोगी ठरतो.

उंबरठ्याबद्दल आणखी एक गैरसमज कोविडमध्ये फार बोलला गेला: लागण पसरू दिली की उंबरठ्याशी साथ आपोआप थांबेल. उंबरठ्याशी थांबते ती रुग्णसंख्येची वाढ. त्या क्षणी जे हजारो रुग्ण संसर्गजन्य असतात, ते प्रत्येकी एकाहून थोड्या कमी जणांना लागण देत राहतात आणि साथ घरंगळत पुढे जाते. कुठलीही आडकाठी न केलेल्या साथीत आर-नॉट २ असेल तर उंबरठा ५० टक्के, पण साथ ओसरते तोवर साधारण ८० टक्के लोकांना लागण झालेली असते. आर-नॉट ३ असेल तर उंबरठा ६७ आणि अंतिम लागण ९४ टक्के. लसीने उंबरठा गाठणं आणि आजाराने गाठणं यांत हा फरक आहे, आणि तो माणसांच्या जिवांत मोजला जातो.

सरतेशेवटी काळाचा मुद्दा. उंबरठा एकदा ओलांडला की काम झालं, असं होत नाही, कारण मुलं जन्मत राहतात. एक लाखाची वस्ती घ्या, वर्षाला २,००० जन्म. पहिली मात्रा ८० टक्क्यांना, म्हणजे १,६०० बाळांना मिळते. त्यातली १,३६० सुरक्षित होतात. दुसरी मात्रा इथे जवळपास पोहोचतच नाही असं धरू. दर वर्षी ६४० असुरक्षित मुलं साठत जातात. तीन वर्षांत १,९२०, म्हणजे जवळजवळ एका वर्षाच्या जन्मांइतकी. असुरक्षित लहान मुलं एका वर्षाच्या जन्मांइतकी झाली की साथीचा धोका गंभीर समजावा आणि त्याआधी विशेष मोहीम घ्यावी, हा गोवर नियंत्रणातला जुना, व्यवहारात टिकलेला नियम आहे. विशेष मोहिमा दर दोन ते चार वर्षांनी घेतात, त्यामागे हा हिशेब आहे.

इथे चौकस विद्यार्थी अडवेल, आणि त्याने अडवावंच. एक लाखाला १/१५ ने गुणलं तर ६,६६७ असुरक्षित चालतात. वर्षाला ६४० या दराने तिथवर पोहोचायला दहा वर्षं लागतील, मग तीन वर्षांत घाई कशाला? उत्तर छेदात आहे. ही मुलं एक लाख लोकांत समान विखुरलेली नाहीत. ती सगळी पाच वर्षांखालची आहेत, अंगणवाडीत एकमेकांशेजारी बसतात. पाच वर्षांखालची मुलं साधारण १०,००० असतील, तर १,९२० म्हणजे त्यातली १९ टक्के. ६.७ टक्क्यांची मर्यादा या गटात दुसऱ्या वर्षीच ओलांडली जाते. गोवरच्या हिशेबात छेद कुठला घेतला हे पाहिल्याशिवाय टक्केवारी वाचू नये.

आता त्याच वस्तीत एक वर्ष लसीकरण ५० टक्क्यांवर आलं असं धरा. २,००० पैकी १,००० बाळांना लस, ८५० सुरक्षित, १,१५० असुरक्षित. एका वर्षात जवळपास दोन वर्षांची भर पडली. पण साथ लसीकरण खंडित झालेल्या वर्षातच येईल असं नाही. कोविडसारख्या काळात टाळेबंदीने संपर्कही कमी असतात. साठा भरत राहतो आणि संपर्क पूर्ववत झाल्यावर ठिणगी पडते.

अशा वेळी मोहीम कशी आखतात तेही या गणितातूनच येतं. बाधित भागात नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला, आधीचं कार्ड काहीही सांगत असलं तरी, एक जादा मात्रा देतात. कारण कार्ड लस दिल्याचं सांगतं, मूल सुरक्षित झाल्याचं सांगत नाही, आणि लस घेऊनही असुरक्षित राहिलेलं मूल ओळखण्याची सोपी खूण नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने याच्या जोडीला आणखी एक पाऊल सुचवलं: ज्या भागात गोवरच्या रुग्णांपैकी १० टक्क्यांहून जास्त बाळं नऊ महिन्यांखालची आहेत, तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या पण नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही एक मात्रा द्यावी. या वयात आईची प्रतिपिंडं अजून बरीच असल्याने लस आणखी कमी बाळांत लागू पडते. म्हणून ही मात्रा शून्य क्रमांकाची धरतात आणि नवव्या व सोळाव्या महिन्याच्या दोन्ही मात्रा बाळाला नंतर ठरल्याप्रमाणे द्याव्याच लागतात.